कार्बोनेटमधला दुहेरी बंध नेमका कुठे असतो?

प्रश्न: सर, मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. CO₃²⁻ ची रचना काढली की एक दुहेरी बंध आणि दोन एकेरी बंध येतात. पुस्तकात मात्र रेझोनन्समुळे तिन्ही सारखे, १.२८ अँगस्ट्रॉम, असं दिलंय. क्लासमध्ये सांगितलं की दुहेरी बंध इतक्या वेगाने फिरत असतो की आपल्याला सरासरी दिसते. मी सरासरी काढून पाहिली: १.४३, १.४३ आणि १.२२. उत्तर १.३६ येतं, १.२८ येत नाही. माझं काय चुकतंय?

उत्तर:

तुझी बेरीज बरोबर आहे. चुकलाय तो १.४३ हा आकडा, आणि त्याहून जास्त चुकलंय ते 'फिरतो' हे क्रियापद. आधी क्रियापदाचं बघू, कारण ते डोक्यातून गेल्याशिवाय आकड्याचं कोडं सुटणार नाही.

कार्बनचे ४ इलेक्ट्रॉन, तीन ऑक्सिजनचे मिळून १८ आणि ऋण प्रभाराचे २. एकूण २४, म्हणजे १२ जोड्या. लुईसच्या पद्धतीत एक जोडी ठेवायला दोनच जागा आहेत: एका अणूवर, नाहीतर दोन अणूंच्या मधे. चार अणूंनी मिळून धरलेली जोडी दाखवायला त्या पद्धतीत चिन्हच नाही. कार्बोनेटमध्ये नेमकी अशी एक जोडी आहे. मग आपण काय करतो? ती एका ऑक्सिजनच्या वाट्याला देतो, दोन रेघा काढतो, आणि अन्याय नको म्हणून आणखी दोन चित्रं काढून मधे दुतोंडी बाण टाकतो. तीन चित्रं आपल्या लिपीची गरज आहे. आयन एकच आहे आणि त्याची अवस्थाही एकच आहे.

वर्गात मी नरसिंहाचा दाखला देतो. नरसिंह सकाळी माणूस आणि संध्याकाळी सिंह नव्हता. तो खांबातून बाहेर आला तोच तसा. दाखला एका ठिकाणी लंगडा पडतो, तेही सांगतो: माणूस आणि सिंह दोन्ही जगात खरोखर असतात, पण एक दुहेरी आणि दोन एकेरी बंध असलेला CO₃²⁻ कुठेच, क्षणभरही नसतो.

आता एक गोष्ट जी सहसा पुस्तकात ठळक येत नाही. 'सारख्या ऊर्जेची अनेक चित्रं काढता आली, म्हणून बंध सारखे' हा तर्क पुरेसा नाही. सायक्लोब्युटाडाईन घे. त्याचीही दोन अगदी सारखी चित्रं निघतात, बेंझीनसारखीच. तरी तो रेणू चौरस न राहता आयताकृती होतो, दोन बंध आखूड आणि दोन लांब. म्हणजे चित्रांची संख्या मोजून लांबीबद्दल निकाल देता येत नाही. इलेक्ट्रॉन प्रत्यक्षात कोणती मांडणी पसंत करतात ते बघावं लागतं.

कार्बोनेटमध्ये आयनाच्या पातळीला काटकोनात उभी असलेली चार पी-ऑर्बिटलं आहेत, एक कार्बनचं आणि तीन ऑक्सिजनची. त्यांत सहा π इलेक्ट्रॉन आहेत. सगळ्यात खालचं ऑर्बिटल कार्बनवर आणि, सारख्या वाट्याने, तिन्ही ऑक्सिजनवर पसरलेलं असतं. त्यात दोन इलेक्ट्रॉन. त्याच्या वरची दोन ऑर्बिटलं नुसत्या ऑक्सिजनवर असतात, कार्बनचा त्यांत वाटाच नाही, त्यामुळे ती बंध घट्टही करत नाहीत आणि सैलही करत नाहीत. उरलेले चार इलेक्ट्रॉन तिथे बसतात. सगळी भरलेली ऑर्बिटलं पूर्ण भरलेली, अर्धवट काही नाही. त्यामुळे आयनाला वाकडं होऊन काही मिळवायचं नसतं. सायक्लोब्युटाडाईनमध्ये मात्र सारख्या ऊर्जेच्या दोन ऑर्बिटलांत मिळून दोनच इलेक्ट्रॉन असतात, आणि म्हणून तो रेणू आकार बदलून ऊर्जा वाचवतो.

हे झालं कागदावरचं. पण तुझ्या क्लासचं म्हणणं मोजमापाने खोडता येतं का? इथे थोडं थांबू, कारण 'क्ष-किरणांनी तिन्ही बंध सारखे दिसतात' एवढं म्हणून भागत नाही.

कॅल्साइटची रचना डब्ल्यू. एल. ब्रॅग यांनी १९१४ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. त्या स्फटिकात प्रत्येक कार्बोनेटच्या कार्बनमधून, त्याच्या पातळीला लंब असा एक त्रिगुण अक्ष जातो. त्या अक्षाभोवती १२० अंश फिरवलं की स्फटिक होता तसाच दिसतो. माझ्याकडे प्रोजेक्टला आलेल्या एका विद्यार्थ्याने कॅल्साइटचा डेटा सोडवला आणि तक्ता घेऊन धावत आला: "सर, एकच सी-ओ बंध छापलाय, बाकीचे दोन गायब झाले!" गायब झाले नव्हते. सममितीने तिन्ही एकच असल्यामुळे सॉफ्टवेअर एकदाच लिहितं. आकडा होता १.२८.

पण एखादा हट्टी वाचक इथे बरोबर अडवेल. क्ष-किरणांनी आपण एक आयन बघत नाही. स्फटिकातल्या अब्जावधी आयनांचं एकावर एक ठेवलेलं चित्र बघतो. समजा प्रत्येक आयनात एक बंध १.२० आणि दोन १.३४ असते, आणि आखूड बंध कुठे या बाजूला तर कुठे त्या बाजूला असता. तरीही त्या एकत्र चित्रात तिन्ही सारखेच दिसले असते. मग फरक ओळखायचा कसा?

ऑक्सिजनचा 'धूसरपणा' बघून. क्ष-किरण विश्लेषणात प्रत्येक अणूची जागा मिळते, तशीच तो त्या जागेभोवती किती आणि कुठल्या दिशेला हलतो हेही मिळतं. लंबगोलाच्या चित्राने आपण ते दाखवतो. वरची कल्पना खरी असती तर ऑक्सिजन एकतृतीयांश वेळा १.२० वर आणि दोनतृतीयांश वेळा १.३४ वर सापडला असता. म्हणजे बंधाच्या दिशेने जास्तीचं सरासरी वर्ग-विस्थापन ०.१४ × ०.१४ × २/९, साधारण ०.००४ चौरस अँगस्ट्रॉम. आकडा बारीक वाटतो, पण हर्शफेल्डने १९७६ मध्ये सांगितलेली कसोटी अशी की बंधाने जोडलेल्या दोन अणूंचं त्या बंधाच्या दिशेतलं विस्थापन ०.००१ च्या आत जुळायला हवं. त्याच्या चौपट फरक चांगल्या डेटात लपत नाही. लंबगोल बंधाच्या दिशेने ताणलेला दिसला असता. कॅल्साइटमध्ये दिसतं ते उलटं: ऑक्सिजनचा लंबगोल बंधाच्या दिशेने आखूड आणि बंधाच्या आडवा लांब आहे. अख्खा आयन कडक पंख्यासारखा डुलतोय, बंधाची लांबी मात्र जागच्या जागी आहे.

खरी अदलाबदल होते तेव्हा काय दिसतं, याचं उदाहरणही आहे: बेंझोइक आम्ल. स्फटिकात त्याचे रेणू दोन-दोनच्या जोड्यांनी असतात आणि हायड्रोजन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर जातो. खोलीच्या तापमानाला मोजलं तर दोन्ही सी-ओ लांब्या एकमेकींच्या जवळ आलेल्या दिसतात. स्फटिक थंड करत गेलं की त्या दूर जातात, एक स्पष्ट दुहेरी आणि एक स्पष्ट एकेरी. तुझ्या क्लासमध्ये जे सांगितलं ते बेंझोइक आम्लाला लागू पडतं. कार्बोनेट कितीही थंड कर, तिथे वेगळं होण्यासारखं काही नाही.

दुसरा पुरावा तुझ्या कॉलेजच्याच आयआर यंत्रावर मिळेल. अंड्याचं कवच घे. ते जवळजवळ सगळं कॅल्साइट असतं. आतला पातळ पापुद्रा सोलून काढ, नाहीतर त्यातल्या प्रथिनाची १६५० च्या आसपासची पट्टी मधे येईल आणि तू तिला दुहेरी बंध समजशील. धुऊन, वाळवून अगेटच्या खलात बारीक कर. एक मिलिग्रॅम पूड दोनशे मिलिग्रॅम कोरड्या पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून गोळी दाब.

एक सूचना: फळ्याचा खडू घेऊ नकोस. आमच्याकडे एका बॅचने घेतला होता. ११०० ते ११५० च्या पट्ट्यात जाडजूड शिखर, ३४०० च्या पुढे पाण्याची दोन शिखरं, आणि सगळे डोकं खाजवत बसलेले. बाजारात मिळणारा खडू बहुतेक वेळा प्लास्टर ऑफ पॅरिसचा, म्हणजे शेवटी जिप्सम असतो. त्यात सल्फेट आहे, कार्बोनेट नाही. वर्षानुवर्षं 'चुनखडीचा खडू' असं शिकवणारे आम्हीच, त्यामुळे दोष कुणाला द्यायचा?

कवचाच्या आलेखात तीन गोष्टी दिसतील: १४२० च्या आसपास एक रुंद, दांडगी पट्टी, ८७५ ला एक टोकदार आणि ७१२ ला आणखी एक टोकदार, सगळे आकडे सेमी⁻¹ मध्ये. आयनात खरा सी-ओ दुहेरी बंध असता तर १७०० ते १७५० च्या पट्ट्यात आलेखातलं सगळ्यात जोरकस शिखर आलं असतं. कीटोनमध्ये, एस्टरमध्ये येतं तसं. ते इथे नाही.

आणि इथेच हमखास घोळ होतो. नीट बघितलंस तर १७९५ च्या आसपास एक छोटं, टोकदार शिखर दिसेल. दर वर्षी कुणीतरी ते बोट ठेवून दाखवतं: "सर, हा बघा दुहेरी बंध." तो नाही. तिन्ही ऑक्सिजन एकाच वेळी आत-बाहेर होण्याचं कंपन १०८६ ला असतं आणि कोन वाकण्याचं ७१२ ला. दोन्ही एकदम उद्दीपित झाली की बेरीज १७९८. ओळखण्याची खूण त्याच्या उंचीत आहे. दुहेरी बंधाचं शिखर आलेखाचा राजा असतं, हे शेजारच्या पट्टीपुढे अगदी किरकोळ असतं.

ते १०८६ चं कंपनही बघण्यासारखं आहे, कारण ते कॅल्साइटच्या आयआरमध्ये दिसतच नाही. रामन यंत्रावर मात्र तेच सगळ्यात ठसठशीत. तिन्ही बंध एकसारखे ताणले आणि आखडले, तर आयनाचा द्विध्रुव बदलत नाही. तिन्हींचा परिणाम एकमेकांना खोडून काढतो, म्हणून आयआरला काही कळत नाही. एक बंध जरी वेगळा असता तर हे खोडणं पुरं झालं नसतं. याची उलटतपासणी समुद्रकिनाऱ्यावर मिळते: बऱ्याच शिंपल्यांत कॅल्शियम कार्बोनेट आरॅगोनाइटच्या रूपात असतं. तिथे आयनाच्या शेजाऱ्यांची मांडणी तितकी सममित नसते, आणि लगेच १०८३ ला एक बारीक शिखर उमटतं. बंधांच्या लांबीत तिथे नावापुरताच फरक असतो, तरी आयआर तो टिपतं.

कुणी म्हणेल, दुहेरी बंध आयआरलाही सापडणार नाही इतक्या वेगाने फिरत असेल. १४२० च्या कंपनाचा एक हेलकावा साधारण २ × १०⁻¹⁴ सेकंदात होतो. बंधाची लांबी म्हणजे दोन अणुकेंद्रांमधलं अंतर. बंध १.३४ चा १.२० व्हायचा तर ऑक्सिजनच्या केंद्राला तेवढं सरकावं लागेल, आणि ते सरकणं म्हणजेच कंपन. त्याहून वेगाने केंद्र हलू शकत नाही. फक्त इलेक्ट्रॉन त्याहून वेगाने हलतात म्हणशील, तर मग केंद्रांना जाणवतो तो तिन्ही बाजूंना सारखा पसरलेला एकच ढग. आणि आपण रेझोनन्स किंवा संस्पंदन म्हणतो ते हेच. 'फिरतो' या शब्दाला काही काम उरत नाही.

आता तुझं १.३६. तू घेतलेला १.४३ हा अल्कोहोल आणि ईथरमधला एकेरी बंध आहे, चार एकेरी बंध असलेल्या कार्बनचा. कार्बोनेटमधला कार्बन तसा नाही. तो सपाट, तीन शेजाऱ्यांचा आहे, आणि असा कार्बन आपले एकेरी बंधही आखूड ठेवतो. तुलनेला डायमिथाइल कार्बोनेट घे, जिथे दोन ऑक्सिजनवर मिथाइल गट बसवून दुहेरी बंध बऱ्यापैकी एका जागी बांधून टाकलाय. तिथे दुहेरी बंध सुमारे १.२०, मधल्या कार्बनचे दोन एकेरी बंध सुमारे १.३४. तुझा १.४३ सुद्धा त्याच रेणूत सापडतो, पण ऑक्सिजन आणि मिथाइलच्या मधे! आता सरासरी काढ: १.३४, १.३४, १.२०, भागिले तीन. १.२९. प्रत्यक्षातल्या १.२८ ला जवळजवळ टेकलीस.

तरी या सरासरीवर फार भरवसा ठेवू नकोस. एक तर त्या एस्टरमधले 'एकेरी' बंधही पूर्ण एकेरी नाहीत, तिथेही थोडं संस्पंदन आहेच. दुसरं म्हणजे बंधक्रमांक वाढला की लांबी सरळ रेषेत कमी होत नाही. एकवरून दीडवर जाताना ती जास्त घटते, दीडवरून दोनवर जाताना कमी. पॉलिंगचं ढोबळ सूत्र आहे: एकेरी लांबीतून ०.७१ गुणिले बंधक्रमांकाचा लॉग वजा कर. १.४३ आणि बंधक्रमांक ४/३ घालून १.३४ येतं, म्हणजे तुझ्या १.३६ पेक्षा बरं पण अजून लांबच. आता ४/३ ऐवजी वरच्या चार-ऑर्बिटलांच्या हिशोबातला बंधक्रमांक घाल. अगदी साध्या हिशोबात, कार्बन आणि ऑक्सिजन सारखेच धरून, प्रत्येक बंधाच्या वाट्याला π भाग ०.५८ येतो, म्हणजे एकूण १.५८. त्याने लांबी १.२९ मिळते. छान जुळलं म्हणून टाळ्या वाजवू नकोस. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो हे त्या हिशोबात धरलेलंच नाही, आणि सपाट कार्बनचा आखूडपणाही नाही. दोन चुका उलट दिशेच्या आहेत आणि एकमेकींना झाकतात. त्यातून घ्यायचं ते इतकंच की ४/३ ही रेघा मोजून आलेली संख्या आहे. बंध एकपेक्षा जास्त आणि दोनपेक्षा कमी आहे हे ती सांगते, लांबीचा दुसरा दशांश तिच्याकडून काढून घेता येत नाही.

शेवटी स्वयंपाकघरातलं एक उदाहरण, कारण सगळ्यात स्वच्छ तुलना तिथेच पडलीय. धुण्याच्या सोड्यात CO₃²⁻ आहे, खाण्याच्या सोड्यात HCO₃⁻. फरक एका हायड्रोजनचा. खाण्याच्या सोड्याच्या स्फटिकात हायड्रोजन ज्या ऑक्सिजनवर बसलाय तो बंध सुमारे १.३५ पर्यंत लांबतो आणि उरलेले दोन १.२६ वर येतात. हायड्रोजनने एक ऑक्सिजन खेळातून बाहेर काढला. आता जोडी उरलेल्या दोघांतच पसरते, म्हणून ते दोन बंध कार्बोनेटपेक्षा आखूड, पण एकमेकांशी पुन्हा सारखेच. चित्रंही तीनची दोन होतात, काढून बघ. आणि १.३५, १.२६, १.२६ ची सरासरी काढलीस तर पुन्हा १.२९ येते.

परीक्षेत 'तिन्ही बंध सारखे का' असं विचारलं तर तीन रचना काढ, बंधक्रमांक ४/३ आणि प्रत्येक ऑक्सिजनवर सरासरी –२/३ प्रभार लिही, मापलेली लांबी १.२८ दे, गुण तेवढ्याला मिळतात. तोंडी परीक्षेत कुणी "दुहेरी बंध किती वेगाने फिरतो?" असं विचारलं, तर बेंझोइक आम्लाचं नाव घे आणि तो फिरतो तिथे तो थंडीत पकडला जातो, असं सांग.